तीन महिने की एकोणनव्वद दिवस?

दहा लाख रुपयांची मुदत ठेव, व्याजदर 6 टक्के, मुदत 1 फेब्रुवारी 2025 ते 1 मे 2025. कोणीही पटकन तोंडी हिशेब करेल : वर्षाचे व्याज साठ हजार, तीन महिने म्हणजे पाव वर्ष, म्हणून पंधरा हजार. बँक मात्र 14,630 रुपये 14 पैसे देते. ठेवीदाराला वाटते की बँकेने 370 रुपये कमी दिले. काउंटरवरचा कर्मचारी म्हणतो, सिस्टीमने काढले ते बरोबरच असणार. दोघांचाही गुणाकार-भागाकार चुकलेला नाही. दोघांनी वेळ वेगवेगळ्या मापाने मोजला आहे, एवढेच.

शाळेत आपण सरळव्याजाचे सूत्र शिकलो : मुद्दल गुणिले दर गुणिले मुदत, भागिले शंभर. दर द.सा.द.शे., म्हणजे दर साल दर शेकडा. त्यामुळे मुदतही वर्षांतच मांडावी लागते. पुस्तकातली उदाहरणे 73 किंवा 146 दिवसांची असायची, कारण 73 हा 365 चा नेमका पाचवा भाग आहे आणि अपूर्णांक सुटसुटीत सुटतो. खरी ठेव अशी सोयीची नसते. तिला सुरुवातीची तारीख असते, शेवटची तारीख असते, आणि त्या दोन तारखांमधला काळ म्हणजे वर्षाचा कितवा भाग, हे कोणीतरी ठरवावे लागते. या ठरवण्याच्या नियमाला दिवसमोजणीची पद्धत म्हणतात. तिच्यात दोनच प्रश्न असतात. अंशात किती दिवस धरायचे आणि छेदात वर्ष किती दिवसांचे धरायचे?

पहिली पद्धत बोलताना ‘ॲक्च्युअल बाय थ्री सिक्स्टी फाइव्ह’ म्हणून ओळखली जाते. अंशात कॅलेंडरवरचे प्रत्यक्ष दिवस आणि छेदात 365. ठेव ठेवल्याचा दिवस धरायचा, मुदत संपण्याचा दिवस सोडायचा. आपल्या उदाहरणात फेब्रुवारीचे 28, मार्चचे 31 आणि एप्रिलचे 30 मिळून 89 दिवस होतात. दहा लाखांवर 6 टक्क्यांनी एका दिवसाचे व्याज 164 रुपये 38 पैसे पडते, आणि 89 दिवसांचे 14,630 रुपये 14 पैसे. बँकेने केलेला हिशेब हाच.

दुसरी पद्धत ‘थर्टी थ्री सिक्स्टी’. तिच्यात प्रत्येक महिना तीस दिवसांचा आणि वर्ष 360 दिवसांचे. फेब्रुवारी असो की जुलै, महिना तीसचाच. त्यामुळे 1 फेब्रुवारी ते 1 मे हे तीन महिने म्हणजे 90 दिवस, आणि 90 भागिले 360 म्हणजे बरोबर पाव. उत्तर पंधरा हजार. ठेवीदाराने तोंडी केलेला हिशेब नकळत याच पद्धतीचा होता.

आता तीच ठेव 1 जुलै ते 1 ऑक्टोबर अशी ठेवून पाहू. जुलै 31, ऑगस्ट 31, सप्टेंबर 30, म्हणजे प्रत्यक्ष दिवस 92. पहिल्या पद्धतीने व्याज 15,123 रुपये 29 पैसे आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा पंधरा हजारच. फेब्रुवारीत ज्या पद्धतीने ठेवीदाराचे 370 रुपये ‘गेले’, तिच्याच हिशेबाने जुलैत त्याला 123 रुपये जास्त मिळाले. म्हणून अमुक पद्धत ठेवीदाराच्या फायद्याची आणि तमुक बँकेच्या, असे सरसकट म्हणता येत नाही. ठेव कोणत्या महिन्यांवरून जाते यावर ते ठरते.

पूर्ण वर्षाच्या ठेवीत हा वाद उठतच नाही. साध्या वर्षात 365 भागिले 365 म्हणजे एक आणि 360 भागिले 360 म्हणजेही एकच. दोन्हीकडे साठ हजार. फेब्रुवारीत तुटलेले दिवस जुलै, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर हे लांब महिने भरून काढतात. ठेव जितकी छोटी, तितकी ही भरपाई व्हायला जागा कमी. म्हणूनच हा विषय पाच वर्षांच्या एफडीपेक्षा पंचेचाळीस किंवा नव्वद दिवसांच्या ठेवीत जास्त जाणवतो.

सगळ्यात मोठी तफावत एकट्या फेब्रुवारीत दिसते. 1 फेब्रुवारी ते 1 मार्च, साधे वर्ष, दहा लाख, 6 टक्के. प्रत्यक्ष दिवस 28, व्याज 4,602 रुपये 74 पैसे. तीसच्या महिन्याने मोजले तर पूर्ण 5,000. म्हणजे 28 दिवस पैसे ठेवून 30 दिवसांचे व्याज. 365 दिवसांच्या मापाने पाहिले, तर हा दर 6 टक्के राहत नाही, तो 6.52 टक्के होतो. जुलैत उलटे घडते. 31 दिवसांना तेच 5,000 मिळाले तर दर 5.89 टक्क्यांवर येतो. घरगुती ठेवीत हा चारशे रुपयांचा प्रश्न आहे. पण एखाद्या कंपनीने आगाऊ कर भरायच्या आधी 50 कोटी रुपये महिनाभर ठेवले, तर फेब्रुवारीतला हाच फरक 1 लाख 98 हजार 630 रुपयांचा होतो. मोठ्या कंपन्यांचे वित्त विभाग दर विचारताना दिवसमोजणीही लगेच विचारतात ती यामुळे.

भारतातल्या बँकांनी रुपयांतल्या छोट्या ठेवींसाठी काय ठरवले आहे? इंडियन बँक्स असोसिएशनच्या आचारसंहितेनुसार तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीच्या ठेवीवर, किंवा जिची शेवटची तिमाही अपुरी आहे अशा ठेवीच्या त्या उरलेल्या दिवसांवर, प्रत्यक्ष दिवसांच्या प्रमाणात आणि वर्ष 365 दिवसांचे धरून व्याज द्यायचे. म्हणजे पहिली पद्धत. बचत खात्याचा हिशेबही 1 एप्रिल 2010 पासून रोजच्या शिलकीवर होतो. त्याआधी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची किमान शिल्लक धरून महिन्याचे व्याज मिळत असे. संगणक आल्यावर दिवस मोजणे फुकटात पडू लागले, आणि बँकिंग हळूहळू महिन्याकडून दिवसाकडे सरकले.

पण या नियमातला ‘अपुरी तिमाही’ हा शब्द नीट वाचायला हवा. अपुऱ्या तिमाहीचे दिवस मोजायचे, मग पूर्ण तिमाहीचे? तिमाही चक्रवाढीच्या ठेवीत पूर्ण तिमाही म्हणजे साधारणपणे वर्षाचा चौथा भाग धरला जातो. तिच्यात 90 दिवस आहेत की 92, हे पाहिले जात नाही. हा हिशेब वृत्तीने थर्टी थ्री सिक्स्टीचाच आहे. म्हणजे एकाच बँकेत, एकाच ठेवीत दोन मापे शेजारी शेजारी चालतात. पुऱ्या तिमाह्यांना पाव वर्ष आणि उरलेल्या दिवसांना 365 वा भाग. त्यात अनेक बँका सहा महिन्यांच्या आतल्या ठेवीला चक्रवाढ लावतच नाहीत, सरळव्याज देतात आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिवसच मोजतात. आपल्या उदाहरणातल्या बँकेने तेच केले.

यामुळे अर्जावर ‘90 दिवस’ लिहायचे की ‘3 महिने’, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक राहत नाही. 90 दिवस लिहिले तर दहा लाखांवर 14,794 रुपये 52 पैसे, वर्षातला कोणताही काळ असो. 3 महिने लिहिले आणि बँक पूर्ण तिमाहीला पाव वर्ष धरत असेल तर 15,000. बँक दिवस मोजत असेल तर 14,630 पासून 15,123 पर्यंत काहीही, सुरुवातीच्या तारखेप्रमाणे. मला विचाराल तर रकमांची तुलना करण्यापेक्षा दिवसाला किती पडले ते पाहावे. दिवस मोजणारी बँक रोजचे 164 रुपये 38 पैसे देते, ना कमी ना जास्त. पाव वर्ष धरणारी बँक 89 दिवसांच्या तिमाहीत रोजचे 168 रुपये 54 पैसे देते आणि 92 दिवसांच्या तिमाहीत 163 रुपये 4 पैसे. दिवस मोजणाऱ्या पद्धतीत प्रत्येक रात्रीची किंमत सारखी असते. लहान मुदतीसाठी मला तीच जास्त न्याय्य वाटते.

लीप वर्षात अजून एक फाटा फुटतो. काही बँका तेव्हाही छेदात 365 च ठेवतात, काही 366 घेतात. रिझर्व्ह बँकेने पद्धत निवडण्याची मोकळीक बँकांना दिली आहे. अट एवढीच की व्याज कसे काढतो हे ठेव घेतानाच ठेवीदाराला कळवावे आणि शाखेत लावावे. 90 दिवसांच्या आपल्या ठेवीला 366 ने भागले तर व्याज 14,754 रुपये 10 पैसे होते, म्हणजे चाळीस रुपयांनी कमी. रक्कम छोटी आहे, पण 2028 मध्ये एकाच दराच्या दोन बँकांच्या पावत्या जुळल्या नाहीत, तर कारण बहुधा हेच असेल.

मग तीस दिवसांचा महिना भारतात राहतो कुठे? सरकारी रोख्यांत. केंद्र सरकारच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांचे व्याज सहा-सहा महिन्यांनी मिळते आणि मधल्या काळाचे व्याज थर्टी थ्री सिक्स्टीने काढतात. त्याच सरकारची 91, 182 आणि 364 दिवसांची ट्रेझरी बिले मात्र प्रत्यक्ष दिवस आणि 365 या मापाने चालतात. रिझर्व्ह बँकेची रिटेल डायरेक्ट योजना नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झाल्यापासून घरबसल्या रोखे घेणाऱ्या सामान्य माणसाच्याही वाट्याला हे गणित आले आहे. जुना रोखा विकत घेताना, मागच्या व्याजवाटपापासून त्या दिवसापर्यंत साचलेले व्याज विकणाऱ्याला द्यावे लागते. ते साचते कसे हे जवळून पाहण्यासारखे आहे. दहा लाख दर्शनी किमतीचा, 7 टक्क्यांचा रोखा घ्या, ज्याचे व्याज 15 जानेवारीला वाटले गेले. 28 फेब्रुवारीला सौदा पुरा झाला तर साचलेले दिवस 43. दुसऱ्याच दिवशी, 1 मार्चला, ते 46 होतात. एका रात्रीत तीन दिवसांचे व्याज, म्हणजे 583 रुपये 33 पैसे चढतात, कारण या पद्धतीत फेब्रुवारीलाही 29 आणि 30 तारीख असल्याचे मानले जाते. उलट 30 जुलै आणि 31 जुलै या दोन दिवशी साचलेले व्याज अगदी सारखे असते. 31 तारखेला 30 च मानायचे असा नियम आहे, म्हणून त्या दिवसाचे व्याज शून्य.

रोख्यांनी ही पद्धत धरून ठेवली त्यामागे कारण आहे. यंत्रे नव्हती तेव्हा दोन तारखांमधले दिवस मोजून 365 ने भागणे म्हणजे वेळखाऊ आणि चुकांना जागा देणारे काम होते. 360 ला 2, 3, 4, 6, 8, 9, 12 अशा किती तरी संख्यांनी निःशेष भाग जातो, आणि महिन्यांच्या वजाबाकीने हिशेब संपतो. शिवाय सहामाही व्याज दर वेळी सारखे हवे असते. जानेवारी ते जुलै 181 दिवस आणि जुलै ते जानेवारी 184 दिवस, म्हणून दोन हप्ते वेगळे द्यायचे, हे रोखेधारकालाही नको आणि सरकारलाही नको. आपल्याकडे सावकारी व्यवहार दरमहा शेकडा दोन-तीन रुपये अशा बोलीत चालले, तिथेही महिना हाच मापाचा दगड होता. दर महिन्याला किंवा सहामाहीला ठरलेली रक्कम द्यायची असेल तिथे तीसचा महिना योग्यच आहे. पैसे मधल्याच कोणत्या तरी तारखेला येतात आणि मधल्याच तारखेला जातात, तिथे तो अडतो. छोट्या ठेवीचे नेमके तसेच असते.

परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांना एक तिसरे मापही भेटते. डॉलर आणि युरोच्या अल्प मुदतीच्या व्यवहारांत अंशात प्रत्यक्ष दिवस आणि छेदात 360 घेण्याची रीत आहे. ब्रिटनच्या पौंडात मात्र छेद 365 च असतो. अनिवासी भारतीयांसाठी आपल्या बँकांमध्ये परकीय चलनातली एफसीएनआर ठेव असते, तिचे व्याजही रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 360 दिवसांचे वर्ष धरूनच काढतात. दहा हजार डॉलर 4 टक्क्यांनी 365 दिवस ठेवले तर चक्रवाढ बाजूला ठेवूनही 405 डॉलर 56 सेंट होतात, चारशे नव्हे. म्हणून एफसीएनआरचा 4 टक्के आणि 365 च्या छेदाने चालणाऱ्या दुसऱ्या ठेवीचा 4 टक्के एकाच रांगेत लिहून तुलना करू नये. 360 च्या छेदाचा 4 टक्के म्हणजे 365 च्या मापाने 4.06 टक्के.

पावती हातात असेल तर बँकेने कोणती पद्धत लावली हे घरी तपासता येते. उलट्या बाजूने दिवस काढायचे. टीडीएस कापण्याआधीचे सरळव्याज घ्या आणि हे सूत्र लावा :

```
दिवस = (व्याज × 36500) ÷ (मुद्दल × दर)
```

उत्तर पूर्णांकात आले, समजा 89 किंवा 90, तर प्रत्यक्ष दिवस आणि 365 ही पद्धत लागली आहे. दहा लाखांवर 6 टक्क्यांनी 15,000 मिळाले असतील तर उत्तर 91.25 येईल. हा 365 चा चौथा भाग, म्हणजे बँकेने पाव वर्ष धरले. एका महिन्याला 5,000 मिळाले तर 30.42 येईल, तो 365 चा बारावा भाग. 90 दिवसांच्या ठेवीला 89.75 च्या जवळचे उत्तर आले तर छेद 366 होता. पूर्णांक आला पण पावतीवरच्या दिवसांपेक्षा एकाने जास्त किंवा कमी आला, तर पहिला आणि शेवटचा दिवस धरण्यात फरक झाला आहे. त्याबद्दल शाखेत विचारावे. सूत्रातला हा अपूर्णांक दाखवला की बोलणे लवकर संपते.

एक्सेलवर हिशेब ठेवणाऱ्यांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वर्षाचा भाग काढून देणारे `YEARFRAC` हे फंक्शन काहीच न सांगता वापरले तर ते तीसच्या महिन्याने मोजते. प्रत्यक्ष दिवस आणि 365 हवे असतील तर शेवटी 3 लिहावे लागते :

```
=YEARFRAC(DATE(2025,2,1),DATE(2025,5,1))     → 0.25
=YEARFRAC(DATE(2025,2,1),DATE(2025,5,1),3)   → 0.243836
```

दोन ओळींत फरक एका आकड्याचा, आणि दहा लाखांच्या ठेवीवर तो 370 रुपयांचा. गृहनिर्माण संस्थेच्या किंवा पतसंस्थेच्या ठेवींचा तक्ता करताना हा 3 राहून जातो, आणि मग वर्षअखेरीस संस्थेचे आकडे बँकेच्या प्रमाणपत्राशी जुळत नाहीत.

उलट्या हिशेबात दिवस एकाने जास्त येण्याचे एक रास्त कारणही असते. आपली ठेव 1 मे रोजी संपते, आणि महाराष्ट्र दिनाला राज्यात बँका बंद असतात. मुदत सुट्टीच्या दिवशी संपली आणि पैसे पुढच्या कामकाजाच्या दिवशी दिले, तर मधल्या दिवसाचेही व्याज ठरलेल्याच दराने मूळ मुद्दलावर द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यामुळे 2 मे 2025 रोजी रक्कम घेणाऱ्याला आणखी 164 रुपये 38 पैसे मिळून 14,794 रुपये 52 पैसे मिळायला हवेत, आणि सूत्र 89 ऐवजी 90 दाखवेल. पावती 89 दिवसांची असूनही हे 90 बरोबर आहेत. पैसे 2 मे रोजी घेऊनही सूत्राने 89 च दाखवले, तर मात्र एका दिवसाचे व्याज द्यायचे राहिले आहे आणि ते मागावे.